स्टार्ट-स्टॉप सर्किटची लॅडर: सील-इन कॉन्टॅक्ट आणि इमर्जन्सी स्टॉपचे खरे काम

हिरवे बटण दाबून लगेच सोडले तरी मोटर चालू राहते, आणि लाल बटण क्षणभर दाबले की ती थांबते व ते सोडल्यावर आपोआप पुन्हा सुरू होत नाही. पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक, शिकणारा बहुतेक प्रत्येक जण सर्वांत आधी हेच सर्किट काढतो. त्यात एकच पायरी असते, चार-पाच कॉन्टॅक्ट असतात आणि एक कॉइल असते. तरीही नवशिक्यांच्या हातून याच एका पायरीत ज्या चुका होतात त्यांतल्या काही धोकादायक ठरतात. त्या चुकांचे मूळ बहुधा एकाच गैरसमजात असते: लॅडरमध्ये दिसणारे कॉन्टॅक्टचे चिन्ह म्हणजे पॅनलवरचे बटणच, असे आपण धरून चालतो.

लॅडर ही भाषा रिलेच्या आकृत्यांसारखी दिसते, कारण रिले पॅनलवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनना ती वाचता यावी म्हणून ती तशी घडवली गेली. उभ्या दोन रेषा म्हणजे सप्लायच्या दोन बाजू, आणि त्यांना जोडणारी प्रत्येक आडवी ओळ म्हणजे शिडीची एक पायरी. परंतु रिलेच्या आकृतीत कॉन्टॅक्टमधून खरोखर करंट वाहतो, तर लॅडरमधला कॉन्टॅक्ट पीएलसीच्या मेमरीतल्या एका बिटला केवळ एक प्रश्न विचारतो. `] [` हे चिन्ह विचारते, "हा बिट १ आहे का?" आणि `]/[` हे चिन्ह विचारते, "हा बिट ० आहे का?" उत्तर होकारार्थी असेल तर तो कॉन्टॅक्ट बंद आहे, म्हणजे पुढे वाट मोकळी आहे, असे पीएलसी मानतो. बटण एनओ, म्हणजे दाबल्यावर वाट जोडणारे आहे, की एनसी, म्हणजे दाबल्यावर वाट तोडणारे, हे त्या चिन्हाला ठाऊक नसते.

आता एक ठरावीक उदाहरण घेऊ. एका कन्व्हेअरची थ्री-फेज मोटर KM1 या कॉन्टॅक्टरने, म्हणजे कॉइलने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचने, चालू-बंद होते आणि त्या कॉन्टॅक्टरची कॉइल २४ व्होल्ट डीसीची आहे. पीएलसीच्या I0.0 या इनपुटला स्टार्टचे एनओ बटण जोडले आहे आणि I0.1 ला स्टॉपचे एनसी बटण. I0.2 ला इमर्जन्सी स्टॉपच्या सेफ्टी रिलेकडून "सर्व ठीक" असा संकेत येतो, तर I0.3 ला मोटरवर जास्त भार आल्यास ट्रिप होणाऱ्या ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ हा एनसी कॉन्टॅक्ट जोडला आहे. Q0.0 हे आउटपुट कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाते. पत्ते लिहिण्याची पद्धत कंपनीगणिक बदलते. म्हणून पुढे मी पत्त्यांऐवजी नावे वापरतो.

```
   STOP_OK ESTOP_OK    OL_OK     START         MOTOR
|----] [------] [-------] [--+----] [----+------( )----|
                             |   MOTOR   |
                             +----] [----+
```

STOP_OK हा कॉन्टॅक्ट पाहून नवशिक्या वाचकाला पहिली शंका येते: स्टॉपचे बटण एनसी असताना लॅडरमध्ये एनओसारखे दिसणारे चिन्ह का काढले? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर वायरिंगमध्ये आहे. एनसी बटणाला कोणी हात लावलेला नसतो तेव्हा ते बंद असते, म्हणून २४ व्होल्ट I0.1 वर पोहोचतात, इनपुट कार्डावरचा तो एलईडी पेटलेला असतो आणि बिट १ असतो. मोटर चालायला हरकत नाही अशी ही स्थिती आहे, म्हणून "बिट १ आहे का?" हाच प्रश्न योग्य ठरतो. स्टॉप दाबल्यावर बटण उघडते, एलईडी विझतो, बिट ० होतो आणि पायरी तुटते. याच कारणासाठी मी त्या बिटला STOP असे नाव देत नाही. बिट १ असताना जे खरे असते तेच नावात असावे. "STOP बिट १ आहे, म्हणजे स्टॉप दाबलेले नाही" असे वाक्य मनात घोळवत बसण्यापेक्षा STOP_OK हे नाव पुष्कळ सोपे पडते.

येथे `]/[` हे चिन्ह चुकून वापरले तर काय होईल? स्टार्ट कितीही दाबले तरी मोटर सुरू होणार नाही. मात्र स्टॉप दाबून धरून स्टार्ट दाबले तर ती सुरू होईल आणि स्टॉप सोडताच थांबेल. हे लक्षण दिसले की दुसरीकडे शोधत बसू नये. स्टॉपचे चिन्ह उलटे पडले आहे.

खरी धोक्याची चूक वेगळी आहे. काही जण स्टॉपसाठी एनओ बटण जोडतात आणि लॅडरमध्ये `]/[` काढतात. हे टेबलावर अगदी बिनचूक चालते: स्टॉप दाबले की बिट १ होतो, पायरी तुटते आणि मोटर थांबते. पण बटणाकडे जाणारी वायर तुटली किंवा टर्मिनलचा स्क्रू ढिला पडला, तर बिट कायम ० राहतो, आणि "बिट ० आहे का?" या प्रश्नाला पीएलसीला कायम "हो" हेच उत्तर मिळते. मोटर सुरू होते, चालते, मात्र स्टॉपने थांबत नाही. आणि हे कळते ते नेमके थांबवायची गरज पडते तेव्हा. एनसी बटणाच्या जोडणीत तीच वायर तुटली तर मोटर तत्काळ थांबते व पुन्हा सुरूच होत नाही, त्यामुळे बिघाड स्वतःहून उघडा पडतो. काम थांबल्याने गैरसोय होते खरी, पण ती पत्करलेलीच बरी.

आता सील-इन कॉन्टॅक्टकडे वळू. कारखान्यात याला होल्डिंग कॉन्टॅक्ट असेही म्हणतात. START च्या खाली समांतर फांदीत जो MOTOR नावाचा कॉन्टॅक्ट आहे, तो त्याच पायरीच्या शेवटी असलेल्या MOTOR कॉइलचाच बिट आहे. कॉइल स्वतःच्याच कॉन्टॅक्टवर कशी टिकून राहते, हे वर्तुळासारखे वाटू शकते; मात्र पीएलसीचे काम एकेका फेरीत कसे चालते ते पाहिले की कोडे सुटते. प्रत्येक फेरीत, म्हणजे स्कॅनमध्ये, पीएलसी आधी सर्व इनपुट वाचून घेतो, नंतर प्रोग्रॅम वरून खाली सोडवतो आणि शेवटी आउटपुट बाहेर पाठवतो. मग पुढची फेरी सुरू होते.

एक स्कॅन १० मिलिसेकंदांचा आहे असे समजू. स्टार्ट दाबण्यापूर्वी STOP_OK, ESTOP_OK आणि OL_OK हे तिन्ही १ आहेत, START ० आहे आणि MOTOR ० आहे. समांतर फांद्यांपैकी एकही मोकळी नाही, म्हणून कॉइल ० राहते. आता चालकाने बटण दाबले आणि साधारण ०.२ सेकंदाने सोडले. त्या पहिल्या स्कॅनमध्ये START १ झाला, वरची फांदी मोकळी झाली, आणि पायरीच्या शेवटी MOTOR मध्ये १ लिहिला गेला. खालच्या फांदीने मात्र या स्कॅनमध्ये काहीच केले नाही, कारण तिने वाचलेला MOTOR आधीच्या स्कॅनचा, म्हणजे ० होता. दुसऱ्या स्कॅनमध्ये तीच फांदी MOTOR वाचते तेव्हा तिला १ मिळतो. इथून पुढे दोन्ही फांद्या मोकळ्या आहेत. सुमारे विसाव्या स्कॅननंतर बटण सुटते आणि START ० होतो, तरी खालच्या फांदीतून वाट मोकळीच राहते आणि प्रत्येक स्कॅनमध्ये MOTOR मध्ये पुन्हा १ लिहिला जातो. हेच एका ओळीत असे लिहिता येते:

```
MOTOR := STOP_OK AND ESTOP_OK AND OL_OK AND (START OR MOTOR);
```

उजव्या बाजूचा MOTOR म्हणजे मागच्या स्कॅनची किंमत आणि डाव्या बाजूचा म्हणजे या स्कॅनची. तेव्हा सील-इन कॉन्टॅक्ट म्हणजे "कोणीतरी एकदा स्टार्ट दाबले होते" याची पीएलसीने ठेवलेली आठवण होय. मोटर थांबवणाऱ्या प्रत्येक गोष्टीने ही आठवण पुसली पाहिजे, नुसती मोटरची वीज तोडून भागत नाही. हा मुद्दा पुढे इमर्जन्सी स्टॉपच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो.

स्टॉप दाबल्यावर ती पुसली जाते कशी, हे पाहणे त्या मानाने सोपे आहे. ज्या स्कॅनमध्ये STOP_OK ० झाला त्याच स्कॅनमध्ये MOTOR मध्ये ० लिहिला जातो. पुढे चालकाने स्टॉप सोडले की STOP_OK पुन्हा १ होतो, पण तोवर START आणि MOTOR दोन्ही ० असल्यामुळे कोणतीच फांदी मोकळी राहिलेली नसते. येथे एक काळजी घ्यावी लागते. समांतर फांदी फक्त START भोवतीच असली पाहिजे. ती काढताना माउस जरा डावीकडे सरकला आणि फांदी STOP_OK च्याही आधीपासून सुरू झाली, तर सील-इनची वाट स्टॉपला वळसा घालून जाते आणि एकदा सुरू झालेली मोटर स्टॉपने थांबतच नाही. स्क्रीनवर हा फरक बोटभर अंतराचा असतो, म्हणून फांदी कोठून सुटते आणि कोठे मिळते हे डोळ्यांनी एकदा तपासूनच प्रोग्रॅम डाउनलोड करावा.

इमर्जन्सी स्टॉप हे केवळ मोठ्या आकाराचे स्टॉप बटण नव्हे. पिवळ्या पार्श्वभूमीवरचे ते लाल मशरूम बटण दाबल्यावर दाबलेल्याच स्थितीत अडकते आणि ते फिरवून किंवा ओढून मुद्दाम सोडवावे लागते. साध्या पीएलसीच्या एकाच इनपुटवर आणि एका लॅडर कॉन्टॅक्टवर ते विसंबून ठेवू नये. साध्या पीएलसीचा ट्रान्झिस्टर आउटपुट शॉर्ट होऊन चालूच राहू शकतो. प्रोग्रॅम मध्येच थांबला तर काय व्हावे हे सेटिंगवर अवलंबून असते. आणि प्रोग्रॅममध्ये उद्या कोणीही बदल करू शकतो. म्हणून आपल्या उदाहरणात इमर्जन्सी बटणाचे दोन स्वतंत्र एनसी कॉन्टॅक्ट दोन वेगवेगळ्या वाटांनी सेफ्टी रिलेकडे जातात. Q0.0 कडून KM1 च्या कॉइलकडे जाणारी वायर सेफ्टी रिलेच्या कॉन्टॅक्टमधून ओवलेली असते. बटण दाबले की हा कॉन्टॅक्ट उघडतो आणि पीएलसीचे मत काहीही असले तरी कॉइलची वीज तुटते. यंत्राच्या जोखमीनुसार काही ठिकाणी दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये लावावे लागतात किंवा सेफ्टी पीएलसी वापरावा लागतो. तो निर्णय जोखमीचे मूल्यमापन करूनच घ्यायचा असतो. शिवाय वीज तोडणे म्हणजे ब्रेक लावणे नव्हे: जड भार असलेली मोटर वीज गेल्यावरही काही काळ फिरत राहते.

वीज तर वायरिंगनेच तुटली. मग लॅडरमध्ये ESTOP_OK कशासाठी? मी शिकत होतो त्या काळात एका ठिकाणी हाच प्रश्न कोणाला पडला नव्हता. कन्व्हेअरचा इमर्जन्सी स्टॉप थेट कॉइलच्या वायरमध्ये जोडलेला होता आणि पीएलसीला त्याची काहीच खबर नव्हती. पट्ट्यात काहीतरी अडकले म्हणून बटण दाबले गेले, पट्टा थांबला, अडकलेला तुकडा काढला, आणि बटण फिरवून सोडवताच कोणीही स्टार्टला हात लावलेला नसताना पट्टा झटक्याने चालू झाला. तुकडा काढणाऱ्याचा हात काही क्षणांपूर्वीच बाहेर आला होता. पॅनल उघडून पाहिले तर सर्व उपकरणे ठीक होती. बटण दाबलेले असताना Q0.0 चा एलईडी मात्र पेटलेलाच राहत होता, आणि सगळा दोष त्या एका एलईडीत स्पष्ट दिसत होता. मोटर बंद पडली होती, पण MOTOR बिट स्वतःच्या सील-इनवर १ राहिला होता. वीज परत मिळताच कॉन्टॅक्टर ओढला गेला. तो एलईडी मी विसरलेलो नाही.

म्हणून इमर्जन्सी स्टॉपची दोन कामे असतात, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी होतात. मोटरची वीज वायरिंग तोडते आणि आठवण लॅडर पुसते. सेफ्टी रिलेचा दुसरा कॉन्टॅक्ट I0.2 ला जोडला की इमर्जन्सी दाबल्यावर काही मिलिसेकंदांत ESTOP_OK ० होतो आणि MOTOR मध्ये ० लिहिला जातो. नंतर बटण सोडवून सेफ्टी रिले रिसेट केला की मोटर फक्त सुरू होण्याजोगी होते. प्रत्यक्ष सुरू होण्यासाठी पुन्हा स्टार्टच दाबावे लागते. इमर्जन्सी स्टॉप सोडवल्याने किंवा रिसेट केल्याने यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, ही आयएसओ १३८५० या मानकाची अट आहे, आणि आपल्या पायरीत ती ESTOP_OK या एका कॉन्टॅक्टमुळे पाळली जाते. OL_OK चे कारणही हेच आहे. ओव्हरलोड रिले ऑटो-रिसेटवर ठेवलेला असेल आणि पीएलसीला ट्रिपची खबर नसेल, तर मोटर थंड झाल्यावर ती न सांगता पुन्हा सुरू होईल.

सील-इनसाठी MOTOR बिटऐवजी कॉन्टॅक्टरचा खरा १३-१४ हा सहायक कॉन्टॅक्ट एका इनपुटला जोडून तो वापरण्याचीही पद्धत आहे. तिचा फायदा असा की कोणत्याही कारणाने कॉन्टॅक्टर सुटला की सील-इन आपोआप तुटते. वरच्या प्रसंगातला पट्टा अशा जोडणीत चालू झाला नसता. तिची मर्यादाही जाणून घ्यावी. कॉन्टॅक्टर ओढला जाऊन इनपुटवर खबर येईपर्यंत स्टार्ट दाबलेले असावे लागते, म्हणून बटणाला ओझरता स्पर्श केल्यास मोटर सुरू होऊन लगेच सुटू शकते. आणि कॉन्टॅक्टरचे मुख्य कॉन्टॅक्ट वितळून चिकटले तर स्टॉप सोडल्यावर तो खोटा सील-इन पीएलसीला आउटपुट पुन्हा १ करायला लावतो. माझ्या मते नवशिक्याने आपल्या पायरीप्रमाणे बिटचा सील-इन ठेवावा आणि कॉन्टॅक्टरची खबर वेगळ्या इनपुटवर घेऊन केवळ तपासणीसाठी वापरावी: आउटपुट ० होऊन अर्धा सेकंद झाला तरी कॉन्टॅक्टर ओढलेलाच दिसत असेल तर अलार्म द्यावा. चिकटलेल्या कॉन्टॅक्टरवर सेफ्टी रिले रिसेटच होऊ नये यासाठी KM1 चा एनसी सहायक कॉन्टॅक्ट रिसेटच्या वाटेत घालतात; मात्र तो मुख्य कॉन्टॅक्टशी यांत्रिकरीत्या जोडलेला, म्हणजे मिरर प्रकारचा असावा लागतो.

या पायरीत अजून एक फट उरते. स्टार्टचे बटण दाबलेल्या स्थितीत अडकले असेल, तर START सतत १ राहतो आणि सेफ्टी रिले रिसेट होताच मोटर सुरू होते, कारण पायरीला फक्त "START १ आहे का?" एवढेच विचारता येते, तो आत्ता १ झाला की मघापासून आहे, हे ती विचारत नाही. त्यासाठी START च्या जागी त्याची चढती कड वापरतात, म्हणजे बिट ० वरून १ झाला त्या एकाच स्कॅनपुरता खरा ठरणारा संकेत. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो `R_TRIG` या ब्लॉकने किंवा `]P[` या चिन्हाने मिळतो. सील-इन एका स्कॅनमध्येच पकड घेत असल्यामुळे तेवढा संकेत पुरतो.

सर्किट तयार झाल्यावर मोटरचा पॉवर सप्लाय आयसोलेटरने तोडून व त्याला कुलूप लावून, फक्त २४ व्होल्टचा कंट्रोल सप्लाय चालू ठेवून चाचणी घ्यावी, म्हणजे कॉन्टॅक्टर ओढतो-सोडतो पण काहीही फिरत नाही. आधी स्टार्ट दाबून कॉन्टॅक्टर ओढू द्यावा आणि I0.1 ची वायर टर्मिनलमधून काढावी: कॉन्टॅक्टर ताबडतोब सुटला पाहिजे आणि वायर परत लावल्यावर पुन्हा ओढला जाता कामा नये. त्यानंतर पुन्हा स्टार्ट करून इमर्जन्सी दाबावी आणि यावेळी कॉन्टॅक्टरकडे नव्हे, तर Q0.0 च्या एलईडीकडे पाहावे. तो विझला पाहिजे. बटण सोडवावे, सेफ्टी रिले रिसेट करावा, कॉन्टॅक्टर शांत राहिला पाहिजे. मग स्टार्ट दाबून धरूनच हा रिसेट पुन्हा करावा. चढती कड वापरली असेल तर काहीही होणार नाही. शेवटी कॉन्टॅक्टर ओढलेला असताना पीएलसीचा सप्लाय बंद करून पुन्हा चालू करावा. MOTOR बिट वीज गेल्यावरही किंमत राखणाऱ्या मेमरीत ठेवलेला असेल, तर पीएलसी सुरू होताच कॉन्टॅक्टर स्वतःहून ओढला जाईल. तसे झाले तर त्या बिटचे रिटेन्टिव्ह सेटिंग काढून टाकावे आणि ही शेवटची चाचणी पुन्हा घ्यावी.